पोटावरची काळी रेघ, गालावरचे वांग अन् बंद पडलेल्या लाल गोळ्या

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. मी आशा कार्यकर्ती आहे, यवतमाळ जिल्ह्यात. गावातली एक सून, वय २२, पहिलंच पोट, २९वा आठवडा. पाचव्या महिन्यात तिच्या बेंबीखाली काळी रेघ उमटली, आता ती बेंबीच्या वर चार बोटं चढली. दोन्ही गालांवर अन् वरच्या ओठावर वांग आले. सातवा लागल्यापासून कमरेच्या दोन्ही बाजूंनी जांभळट चट्टे चिरल्यासारखे दिसतात अन् खाजतात. मानही काळी आहे.

सासूचं म्हणणं असं की, "लाल गोळ्या सुरू झाल्या अन् पोरगी काळी पडली. लोखंड काळंच असते, लेकरूही काळं होईन." पंधरा दिवसांपासून गोळ्या बंद. मागच्या तपासणीत रक्त ९.२ होतं. वरून कोणीतरी चेहऱ्याला लावायची ट्यूब आणून दिली. मला दोन गोष्टी सांगा. सासूला पटेल असं उत्तर काय देऊ? अन् हे सगळं बाळंतपणानंतर जाते का?

भाऊ_दारव्हा
ताई, लेकरू गोरं पाहिजे असन तर नवव्या महिन्यापर्यंत केशर घालून दूध द्या. नारळपाणीही चालते. आमच्याकडे सगळ्यांनी केलं.

पऱ्हाटी
भाऊ, लेकराच्या रंगाचं विचारलंच नाही मी. आईच्या कातडीचं विचारलं.

मेडिकल_चौक
हे सगळं हार्मोनचं आहे, गोळ्यांचा संबंध नाही. रेघ हार्मोननं, वांग हार्मोननं, चट्टेही हार्मोननं. तिसऱ्या महिन्यापासून पोटाला रोज तेल चोळलं असतं तर चट्टे आले नसते. आता उशीर झाला. चेहऱ्याच्या ट्यूबा माझ्या दुकानातूनही खूप जातात, आठ दिवसांत फरक दिसतो. बाळंतपण झालं की सगळं आपोआप साफ.

चर्म_डॉक्टर
मेडिकलवाले दादा अर्धे बरोबर आहेत. रेघ अन् वांग हा रंगाचा मामला आहे. चट्टे हा रंगाचा मामलाच नाही, ती कातडी आतून फाटलेली असते. म्हणून दोन्हींचा शेवटही वेगळा: रंग ओसरतो, फाटलेलं सांधतं पण वण ठेवून. तेलाचं अन् ट्यूबचं खाली बोलतो, आधी सासूबाईंचा प्रश्न.

पोटाच्या मधोमध, छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटापर्यंत, दोन्हीकडचे स्नायू जिथं जोडले जातात तिथं एक फिकट रेघ प्रत्येकाला असते. बाईला, बाप्याला, लेकराला, सगळ्यांना. एरवी ती दिसत नाही, कारण आजूबाजूच्या कातडीच्याच रंगाची असते. पोट राहिलं की वारेतून अन् मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारे हार्मोन रंग बनवणाऱ्या पेशींना जोरात कामाला लावतात. जिथं या पेशी आधीच जास्त जाग्या असतात, तिथं काळेपणा आधी अन् जास्त दिसतो: स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ, बेंबी, काख, जांघा अन् ही मधली रेघ. सासूबाईंना विचारा, गोळी अंगभर जाते ना? मग ती पोटाच्या बरोबर मधोमध बोटभर रुंदीचीच रेघ काहून ओढेल? काळेपणा गोळीचा असता तर तळहातही काळे पडले असते.

अजून एक. स्तनाग्राचा रंग बहुतेक बायांचा पहिल्या तीन महिन्यांतच बदलायला लागतो. आपल्याकडे लाल गोळी सुरू होते चौथ्या महिन्यापासून. म्हणजे काळं पडणं आधी, गोळी नंतर. सासूबाईंना स्वतःचं बाळंतपण आठवत असेल, तेव्हा त्यांनी गोळ्या खाल्ल्या होत्या का विचारा.

आता मला चार गोष्टी पाहून सांगा. मान नुसती काळी आहे, की हात लावल्यावर मखमलीसारखी जाड लागते? खाज फक्त चट्ट्यांवर आहे, की तळहात-तळपायांनाही, रात्री जास्त? बोटांच्या पेरांवर, सांध्यांच्या वर, काळे डाग आहेत का? अन् ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळवा.

उपकेंद्र_सिस्टर
मी एएनएम आहे, गोळ्यांपुरतं बोलते. रक्त ९.२ असेल तर रोजची एक गोळी पुरत नाही, सकाळी एक अन् संध्याकाळी एक, अशा दोन लागतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह अन् ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं. निदान १ ग्रॅम वाढलं नाही तर तिला वर पाठवायचं, कारण २९ आठवडे म्हणजे हातात वेळ थोडा उरला. त्यातले पंधरा दिवस असेच गेले.

काळं होते ते शौच, कातडी नाही. हे गोळी देतानाच सांगायला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी शौच पाहून घरातले घाबरतात अन् तिथूनच "काळं करते" ही गोष्ट सुरू होते. माझ्या मते मूळ तिथंच आहे. चहासोबत गोळी घ्यायची नाही, अन् कॅल्शियमच्या गोळीत अन् हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. मळमळत असेल तर जेवणानंतर घेऊ द्या. थोडं लोह कमी लागेल, पण गोळी पोटात तर जाईल.

जवसफूल
माझं विचारू का मधेच? माझं पोरगं तीन वर्षांचं झालं, रेघ अजून फिक्कट दिसतेच. अन् गालाचे वांग तर उन्हाळ्यात पहिल्यापेक्षा गडद होतात. मग आपोआप साफ होते हे खरं कसं?

मेडिकल_चौक
होते हो, बहुतेकींचं होते. तुमचं एखादं राहिलं असन.

पऱ्हाटी
आज जाऊन आले. मान हाताला थोडी जाड लागते, काखेतही तसंच. ती म्हणते हे शाळेत असल्यापासून आहे, आता वाढलं. खाज फक्त पोटाच्या चट्ट्यांवर, तळहात-तळपाय ठीक. पेरांवर डाग नाहीत. ट्यूबवर लिहिलंय हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. तीन आठवडे रोज रात्री लावते. गाल आता गुळगुळीत अन् लालसर वाटतात, दिवसा चुरचुरतात.

चर्म_डॉक्टर
ट्यूब आजच बंद करा. दादा, हे वाईट वाटून घेऊ नका, पण ही ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, अन् पोटुशी बाईला तर नाहीच. हायड्रोक्विनोन कातडीवर लावलं तरी त्यातला मोठा भाग, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, रक्तात जातो. ट्रेटिनॉइनच्या घराण्यातली औषधं गरोदरपणात आम्ही लावायलाही देत नाही. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. आठ दिवसांत जो फरक दिसतो तो त्याचाच. पुढं कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, अन् ट्यूब सोडली की वांग आधीपेक्षा गडद होऊन परततात. तिचे गाल चुरचुरतात ते याच वाटेवर आहेत. तीन आठवड्यांत लेकराला काही झालं असेल असं तिला मुळीच वाटू देऊ नका, तसा पुरावा नाही. फक्त पुढच्या तपासणीला ट्यूब सोबत न्या अन् दाखवा. मधले पंधरा-वीस दिवस लाली अन् आग राहील. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावा, दुसरं काही नको.

मानेचं. गरोदरपणात मान काळी होतेच, पण जाड, मखमली, अन् आधीपासूनची असेल तर ते शरीरात इन्सुलिन नीट वापरलं जात नसल्याचं लक्षण असू शकते. अशा बाईला पोट असताना रक्तात साखर वाढायचा धोका जास्त. साखरेची तपासणी झाली का?

पऱ्हाटी
पहिल्या भेटीत झाली होती, तेव्हा नॉर्मल आली. दुसरी राहिली. त्या दिवशी ती वेचणीला गेली होती.

उपकेंद्र_सिस्टर
दुसरी २४ ते २८ आठवड्यांत करतात, पण राहिली तर सोडायची नाही, आता करा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, जेवलेली असो वा उपाशी. दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं तर डॉक्टरकडं. अर्ध्या तासात उलटी झाली तर ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

भाऊ_दारव्हा
मान काळी असन तर लिंबू अन् बेसन चोळा, मळ निघते.

चर्म_डॉक्टर
भाऊ, मळ असता तर निघाला असता. हे रंग अन् जाडी आतली आहे, घासून जात नाही. उलट घासल्यानं रंग बनवणाऱ्या पेशी अजून चिडतात. लिंबू तर चेहऱ्याला लावून उन्हात जाऊच नये. लिंबाचा रस अन् ऊन एकत्र आलं की कातडी भाजते, फोड येतात, अन् नंतर महिनोन्महिने काळे ओघळ राहतात. वावरात जाणारीला हा उपाय म्हणजे दुप्पट शिक्षा.

आता वांग. हार्मोन ही काडी असली तरी पेटवते ऊन. पोटावरच्या रेघेला ऊन लागत नाही, म्हणून हार्मोन ओसरले की ती ओसरते. गालाला रोज ऊन लागते, म्हणून तिथला रंग टिकतो. जवसफूलताई, तुमची रेघ अन् तुमचे वांग यांत फरक का पडला, त्याचं अर्धं उत्तर हे आहे. रेघ बहुतेकींची काही महिन्यांत फिकी होते. सावळ्या कातडीत वर्ष लागते, कधी जास्त, अन् जवळून पाहिलं तर पुसट रेघ राहतेही. तिला काही लावायची गरज नाही. स्तनाग्राचा गडदपणा कमी होतो, पण सहसा पहिल्यासारखा पूर्ण होत नाही. वांग बहुतेकींचे वर्षभरात उतरतात, काहींचे राहतात. उरलेलं अर्धं उत्तर विचारतो: सध्या पाळणा लांबवायला काय वापरता?

जवसफूल
माला-एन. दीड वर्ष झालं.

चर्म_डॉक्टर
तेच वाटलं. त्या गोळीत इस्ट्रोजेन अन् प्रोजेस्टिन दोन्ही असतात, म्हणजे पोट असताना जी काडी पेटली होती तिला थोडं थोडं तेल मिळत राहते. ज्यांना गरोदरपणात वांग आले त्यांना या गोळीनं ते राहायची किंवा परत यायची शक्यता जास्त. मनानं बंद करू नका, नाहीतर दुसरंच पोट राहील. दुसरं साधन ठरवून मग सोडा.

उपकेंद्र_सिस्टर
तांबी किंवा छाया गोळी विचारून पाहा. छायात हे हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारांना, मग आठवड्यातून एकदा. फक्त पाळी पुढं-मागं होते, ते आधीच माहीत पाहिजे. यकृताचा त्रास किंवा अंडाशयात गाठी असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

जवसफूल
माला-एन सोडल्यावर वांग जातीलच का?

चर्म_डॉक्टर
छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. काहींचे चार-सहा महिन्यांत उतरतात, काहींचे ऊन अन् घराण्यातली ओढ यामुळं राहतात. आई-मावशीला होते का, तेही पाहा.

पऱ्हाटी
आमची ही पोरगी जानेवारीपर्यंत वेचणीला जाणार, घरी बसून राहा सांगून उपयोग नाही. उन्हाचं काय सांगू? सनस्क्रीन तिला परवडत नाही.

चर्म_डॉक्टर
मग आधी कापड. जी ओढणी ती बांधते ती सूर्याकडं धरून पाहा. आरपार उजेड अन् बोटं दिसली तर ती ओढणी फक्त घाम पुसायच्या कामाची. दाट विणीची, गडद रंगाची सुती बांधा, अन् ओठ-नाक झाकेल अशी, कारण वांग वरच्या ओठावर आहेत. वर रुंद काठाची टोपी. सकाळी अन् उतरत्या दुपारी ऊन तिरपं असते, थेट गालावर येते. तेव्हा सूर्याला पाठ करून ओळ धरायची. ओळीच्या टोकाला वळल्यावर तोंड सूर्याकडं होते, तेवढ्या वेळापुरती ओढणी वर ओढून घ्यायची. डोक्यावर ऊन असताना, साधारण ११ ते ३, झाडाखाली कापूस निवडायचं काम घ्यायचं. वेचणीत असं काम वाटून घेता येते, शेजारणींना सांगितलं तर देतात.

कधी सनस्क्रीन घ्यायचं झालंच तर पांढरं घेऊ नका, मातकट रंगाचं घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानंही वाढतात. तो उजेड अडवते ते रंगीत सनस्क्रीनमधलं लोहाचं ऑक्साइड. (हो, सासूबाईंना सांगा, लोखंडाच्या संयुगानं चेहरा काळा होत नाही, उलट वाचतो.) पहिल्या दोन बोटांच्या लांबीइतकं चेहरा अन् मान मिळून, अन् घाम पुसला की पुन्हा. कमी लावलं तर न लावल्यासारखंच.

मेडिकल_चौक
ट्यूबचं मान्य. पण तेलाचं नाही पटलं. इतक्या बाया सांगतात तेलानं चट्टे आले नाहीत म्हणून.

चर्म_डॉक्टर
ज्यांना आले नाहीत त्या सांगतात. तेल लावूनही आले त्या गप्प बसतात. चट्टा पडतो तो कातडीच्या मधल्या थरात. तिथं ताण सहन करणारे दोरे असतात. गरोदरपणातल्या हार्मोननं ते आधीच सैल झालेले असतात, अन् पोट महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढते, मग ते तुटतात. तेल बसते सगळ्यात वरच्या थरावर, मधल्या थरापर्यंत पोचत नाही. खोबरेल असो, जवसाचं असो की महागडी क्रीम, चट्टे टाळल्याचं भरवशाच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. कोणाला पडतील हे जास्त ठरते आईला होते का, वय किती कमी, वजन किती झपाट्यानं वाढलं, लेकरू मोठं की जुळं यावर. २२ वर्षांची कातडी ताठ असते, म्हणून कोवळ्या वयात जास्त पडतात. ऐकायला उलटं वाटते, पण तसंच आहे.

तरी तेल बंद करा म्हणत नाही. कोरडेपणा अन् खाज कमी होते, ते खरं काम आहे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चमचाभर, हलक्या हातानं. पोट दाबून चोळायचं नाही.

उपकेंद्र_सिस्टर
खाजेबद्दल एक जोडते. चट्ट्यांवरच बारीक लाल पुरळ उठून मांड्यांकडं पसरलं अन् बेंबीभोवती मात्र काही नसलं, तर ते शेवटच्या आठवड्यांतलं पहिलटकरणीचं पुरळ असते. त्रास खूप, लेकराला धोका नाही, डॉक्टर साधं मलम देतात. पण पुरळ काहीच नसताना तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर ते यकृताचं. त्याच दिवशी पाठवायचं, तेल लावून थांबायचं नाही.

जवसफूल
अन् चट्टे मग कधीच जात नाहीत?

चर्म_डॉक्टर
जात नाहीत, पण आजचे दिसतात तसे राहत नाहीत. जांभळेपणा हा पातळ झालेल्या कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा. साधारण सहा महिने ते वर्षभरात तो उतरतो, मग रेषा फिक्या, चंदेरी, किंचित खोलगट अन् बारीक सुरकुतलेल्या होतात. सावळ्या अंगावर कधी पांढऱ्याऐवजी तपकिरी राहतात. लेझरनं थोडा फरक पडतो, नागपूर-अमरावतीत होते, पण खर्च अन् फरक यांचा मेळ मला तरी फारसा दिसत नाही.

मेडिकल_चौक
माझ्याकडे लेझर करून आलेली एक गिऱ्हाईक खूश होती.

चर्म_डॉक्टर
असेल. ताजे जांभळे चट्टे जुन्या पांढऱ्यांपेक्षा जास्त ऐकतात. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या.

पऱ्हाटी
आज ग्लुकोज दिलं, दोन तासांनी १३२. डॉक्टर म्हणाले सध्या ठीक, पण मानेमुळं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. ट्यूब त्यांना दाखवली, त्यांनी ठेवून घेतली.

सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी रेघ होती का. म्हणाल्या, "होती ना, बेंबीच्या वरपर्यंत." गोळ्या खाल्ल्या होत्या का? "तेव्हा कुठच्या गोळ्या, बाई." मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. संध्याकाळची गोळी त्यांनीच काढून दिली, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर. शौचाचं आधीच सांगून ठेवलं. ओढणीचं अजून जमलं नाही, जाड बांधली की तिला दम लागते म्हणते.

उपकेंद्र_सिस्टर
दम ओढणीचा की रक्ताचा, ते आधी बघा. चालताना, जिना चढताना लागतो का विचारा. अन् तिची रक्ताची तारीख रजिस्टरला आजच टाका, महिना आजपासून धरून.